राजे दोन टोकांना, शर्यत चालींची

पांढऱ्याने वजिराच्या बाजूला कॅसलिंग केले आणि काळ्याने राजाच्या बाजूला, की डावाचा रंगच पालटतो. दोन्ही राजे एकाच बाजूला असतील, तर हल्ल्यासाठी प्यादी पुढे काढताना आपल्याच राजाचे छप्पर उडते. विरुद्ध बाजूंना असले की ती भीती उरत नाही. पण ही मोकळीक समोरच्यालाही तेवढीच असते. म्हणून अशा डावात ‘मी किती जोरात मारतोय’ यापेक्षा ‘आधी कोण पोहोचतो’ हा प्रश्न मोठा.

प्यादी पुढे धाडायची ती मात करण्यासाठी नव्हे, हत्तीला रस्ता करून देण्यासाठी. काळ्याची एफ७, जी७, एच७ ही तिन्ही प्यादी जागेवर असतील, तर पांढऱ्याच्या जी प्याद्याला त्यांना भिडायला जी४, जी५, जी६ अशा तीन चाली लागतात. काळ्याने आधीच जी६ खेळले असेल, तर एच४ आणि एच५ या दोनच चालींत टक्कर होते. पुढे आलेले ते प्यादे म्हणजे शत्रूला दोर अडकवायला आयती खुंटी. म्हणूनच आपल्या राजासमोरचे प्यादे घाबरून हलवू नये. ती एक चाल आपण वाया घालवतो आणि समोरच्याची एक वाचवतो.

हे सगळे एका डावात स्वच्छ दिसते. १९७४, मॉस्को. आव्हानवीर ठरवणाऱ्या अंतिम सामन्याचा दुसरा डाव. पांढरी मोहरी अनातोली कार्पोव्हकडे, काळी व्हिक्टर कोर्चनोईकडे. सिसिलियन बचावातला ‘ड्रॅगन’ प्रकार. त्यात काळ्याचा उंट जी७ वर बसतो, म्हणजे जी६ ची खुंटी आलीच. कार्पोव्हने आधी उंट सी४ वर आणला. त्यामुळे काळ्याचे डी५ रोखले जाते. मध्यभाग फुटला की कडेचा हल्ला बहुतेकदा थंडावतो, म्हणून ही काळजी पहिली.

चौदाव्या चालीला त्याने एच५ खेळून प्यादे सरळ देऊन टाकले. घोड्याने ते मारले, लगेच जी४ आले आणि घोड्याला एफ६ वर परतावे लागले. एका प्याद्याच्या मोबदल्यात पांढऱ्या हत्तीसमोर एच पट्टी मोकळी झाली. अशा शर्यतीत प्याद्यापेक्षा चाल महाग असते.

आता क्लबातला खेळाडू धावतच सुटला असता. कार्पोव्हने मात्र सोळाव्या चालीला डी४ वरचा घोडा मागे ई२ वर नेला. का? काळ्याचा हत्ती सी४ वर होता आणि सी३ वरच्या घोड्यावर हत्तीचा बळी देऊन राजा उघडा पाडणे हे या प्रकारातले काळ्याचे नेहमीचे हत्यार. ई२ वरून सी३ ला टेकू मिळाला आणि त्या हत्याराची धार गेली. मग एच६ वर उंटांची अदलाबदल झाली. काळ्या राजाचा मुख्य पहारेकरी गेला आणि पांढरा वजीर एच६ वर येऊन बसला. एकोणिसाव्या चालीला पुन्हा एक शांत चाल: हत्ती डी३ वर. आता सी३ ची राखण हत्तीकडे गेली आणि ई२ चा घोडा हल्ल्यासाठी मोकळा झाला.

एच७ सांभाळायला राजाशिवाय उरला होता फक्त एफ६ वरचा घोडा. काळ्याने सी५ वर हत्ती आणून डी५ घरावर नजर ठेवली, तेव्हा कार्पोव्हने जी५ हे दुसरे प्यादे दिले. हत्ती ते मारायला गेला आणि सी पट्टी सोडून बसला. चोविसाव्या चालीचे ई५ तर अभ्यासण्यासारखे. घाईने एफ६ वरचा घोडा मारून दुसरा घोडा एच५ वर नेला असता, तर काळा वजीर शह देत जी५ वर येऊन वजिरांची अदलाबदल करू शकला असता. ई५ ने ती आडवी वाटच बंद केली. सत्ताविसाव्या चालीला वजिराने एच८ वर शह दिला आणि कोर्चनोईने डाव सोडला.

हल्ला नेहमी असाच सुटतो असे नाही. याच प्रकारात काळा बारा-तेराव्या चालीच्या सुमारास स्वतःच एच५ खेळून पांढऱ्या प्याद्याला अडवू शकतो. मग पट्टी उघडायला पांढऱ्याला जी४ ची तयारी करावी लागते, आणि तेवढ्या वेळात सी पट्टीवरचा काळ्याचा हल्ला पुढे सरकतो. बचावाची चाल कधी खेळावी, याची कसोटी यातूनच मिळते: आपली एक चाल खर्चून समोरच्याच्या दोन खर्ची पडत असतील तर ती खेळा, नाहीतर पुढे चला.

तेव्हा राजे दोन टोकांना गेले की हात पटावर नेण्याआधी दोन आकडे मोजा: माझी पट्टी उघडायला किती चाली, आणि त्याची उघडायला किती. आणि हा सत्तावीस चालींचा डाव एकदा पट मांडून, सोळाव्या आणि एकोणिसाव्या चालीवर थांबत, खेळून पाहा.