ज्योत वर का उडते, आत का शिरते?

शेगडी पेटवली की निळ्या ज्योती बर्नरच्या छिद्रांवर शांत बसतात. खरं तर तिथे दोन वेगांची ओढाताण चालू असते. वायू आणि हवेचं मिश्रण छिद्रातून बाहेर धावतं आणि आग त्या मिश्रणात उलट, आतल्या दिशेने सरकू पाहते. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये आग फार तर सेकंदाला सुमारे 40 सेंटिमीटर सरकते. छिद्राच्या मधोमध मिश्रण याहून जोरात जातं, पण कडेला घासून जाताना ते मंदावतं. तिथेच ज्योतीचं बूड टिकतं.

दाब वाढला की हा तोल बिघडतो. घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर साधारण 30 मिलिबार दाबाने गॅस सोडतो. तो बिघडून दाब दुप्पट झाला, तर जेटमधून येणारा गॅस दुप्पट नव्हे, सुमारे 1.4 पट होतो. तो हवाही त्याच प्रमाणात ओढून घेतो, म्हणजे छिद्रातला वेगही जवळपास तितकाच वाढतो. मग कडेलाही आग टिकत नाही. ज्योत बर्नरपासून सुटून वर तरंगते, फुरफुरते, कधी विझते. विझली तर गॅस न जळताच खोलीत पसरतो.

उलटा प्रकार म्हणजे फ्लॅशबॅक. शेगडी सिमवर असताना किंवा बंद करताना मिश्रणाचा वेग घटतो आणि आग आत शिरू पाहते. तिला अडवतं ते अरुंद छिद्र. त्याच्या धातूच्या भिंती आगीची उष्णता शोषतात. रुंदी दोन-अडीच मिलिमीटरच्या आत असेल, तर आग सहसा आतच विझते. बर्नर खूप तापला की हे संरक्षण कमी पडतं.

आता दीड मिलिमीटरची छिद्रं झिजून किंवा खरवडून दोन मिलिमीटरची झाली असं समजा. रुंदी फक्त अर्ध्या मिलिमीटरने वाढली, पण क्षेत्रफळ सुमारे 1.8 पट झालं. तेवढ्याच गॅसला मिश्रणाचा वेग निम्म्याच्या जवळ येतो आणि भिंतींचा आधारही सुटतो. धुतल्यावर बर्नरचं झाकण तिरकं बसलं, तर उरलेली फटही अशाच रुंद छिद्राचं काम करते.

आग आत शिरली की ‘फट्’ असा आवाज होतो. ती जेटपाशी जळत राहिली, तर घरघर ऐकू येते, उग्र वास सुटतो आणि शेगडीचा नळीकडचा भाग तापतो. अशा वेळी नॉब लगेच बंद करा, बर्नर थंड होऊ द्या आणि झाकण नीट बसवून मगच पेटवा. तुंबलेली छिद्रं ब्रशने साफ करा, खिळ्याने मोठी करू नका. सगळ्याच ज्योती उडत असतील, तर रेग्युलेटर तपासून घ्या. झिजलेला बर्नर मात्र बदलणंच योग्य.