सूर्यप्रकाशावर गाव चालवायचे, तर जमीन किती?

एखाद्या गावाची वर्षभराची विजेची गरज सूर्यप्रकाशातून भागवायची ठरवली, तर किती जमिनीवर सौर पॅनेल बसवावी लागतील? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी साधा गुणाकार आणि भागाकार पुरतो. मात्र त्यात कोणते आकडे घ्यायचे यावर उत्तर कमालीचे बदलते.

मराठवाड्यातील तीनशे उंबऱ्यांचे एक गाव उदाहरणादाखल घेऊ. घरटी महिन्याला १०० युनिट वीज लागते असे मानल्यास घरांचा वर्षाचा वापर ३ लाख ६० हजार युनिट होतो. पथदिवे, नळपाणी योजना, शाळा आणि पिठाची गिरणी यांच्यासाठी आणखी ४० हजार युनिट धरू. एकूण गरज झाली ४ लाख युनिट.

आता सूर्याची बाजू पाहू. या भागात एक चौरस मीटर जागेवर वर्षभरात सुमारे १,९०० युनिट इतकी ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने पडते. आजची चांगली पॅनेल तिचा साधारण पाचवा हिस्सा विजेत रूपांतरित करतात, म्हणजे ३८० युनिट. ही सर्व वीज हाती लागत नाही. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. एप्रिलच्या उन्हात ते साठ अंशांपर्यंत तापते आणि तेवढ्यानेच उत्पादन दहा ते पंधरा टक्क्यांनी घटते. त्यात धूळ, तारा आणि इन्व्हर्टरमधील घट मिळवली की पदरात सुमारे ३०० युनिट पडतात. चार लाखांना तीनशेने भागले, तर उत्तर येते १,३३३ चौरस मीटर, म्हणजे अवघे तेरा गुंठे!

हे उत्तर बरोबर आहे; पण ते काचेच्या क्षेत्रफळाचे आहे, जमिनीच्या नव्हे. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून तिरपी बसवतात. हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ सूर्य खाली असताना पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडू शकते. पॅनेल एकमेकांना माळेसारखी जोडलेली असल्याने थोड्याशा सावलीनेही संपूर्ण माळेचे उत्पादन घसरते. म्हणून रांगांमध्ये अंतर ठेवावे लागते. शिवाय धुण्यासाठी वाट, रोहित्र आणि कुंपण यांनाही जागा लागते.

याचा पडताळा गुजरातमध्ये मिळतो. सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले मोढेरा हे गाव ऑक्टोबर २०२२ मध्ये चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. तेथील सहा मेगावॉटच्या प्रकल्पासाठी बारा हेक्टर जमीन देण्यात आली. एवढ्या क्षमतेच्या पॅनेलचे क्षेत्रफळ सुमारे तीन हेक्टर भरते. म्हणजे जमीन त्याच्या चौपट. हेच प्रमाण लावल्यास आपल्या गावाला सुमारे ५३ गुंठे, म्हणजे सव्वा एकराहून थोडी अधिक जमीन लागेल.

तरीही या हिशेबातून गावातील सर्वांत मोठा ग्राहक सुटला आहे. तो म्हणजे शेतीपंप. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण चार युनिट वीज घेतो. गावात असे दोनशे पंप असून प्रत्येक पंप वर्षाला हजार तास चालतो असे धरले, तर केवळ सिंचनाचा वापर ८ लाख युनिटांवर जातो. तो गावठाणाच्या दुप्पट झाला. एकूण गरज १२ लाख युनिट होते आणि जमीन चार एकरांवर जाते. म्हणून ‘घरांपुरते’ काढलेले उत्तर ‘गावाचे’ म्हणून सांगितले जात असेल, तर ते तिपटीने चुकलेले असू शकते. बऱ्याच पंपांना मीटर नसल्याने वीजबिलांची बेरीज येथे उपयोगी पडत नाही. गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा असेल, तर उपकेंद्रातील नोंदीच खरा आकडा सांगतात.

अखेरची मर्यादा ‘वर्षभर’ या शब्दातच आहे. वर्षाची बेरीज जुळली म्हणून प्रत्येक दिवस जुळतो असे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उत्पादन बरेच घटते. सुदैवाने त्याच काळात पंपही बहुधा बंद असतात. रात्रीचा प्रश्न मात्र रोजचा आहे. घरांतील दिवे सूर्यास्तानंतर लागतात. तेव्हा एक तर दिवसाची जादा वीज ग्रीडला देऊन रात्री परत घ्यावी लागते, किंवा मोढेराप्रमाणे बॅटरी उभारावी लागते. ग्रीडचा आधार पूर्णपणे सोडायचा असेल, तर वार्षिक सरासरी बाजूला ठेवून पावसाळ्यातील सर्वांत ढगाळ आठवड्यावर हिशेब बेतावा लागतो, आणि तेव्हा बॅटरीबरोबर जमीनही वाढते. पंप दिवसा चालवले, तर साठवणुकीचा हा बोजा पुष्कळ हलका होतो. कारण गावाच्या विजेचा मोठा हिस्सा ज्या वेळी तयार होतो, त्याच वेळी वापरलाही जातो.