हिमोग्लोबिन ८, पण गोळी कोणती?

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनखालीच 'एमसीव्ही' असतो, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. तो ८० च्या खाली असेल तर बहुधा लोहाची कमतरता. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा दोन तास लांब ठेवा. शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नका. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते; लोक नेमकी तिथेच थांबवतात.

एमसीव्ही १०० च्या वर आणि पायांना मुंग्या? बी-१२ तपासा. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारतं, पण नसांची हानी चालूच राहते. पालेभाजीत बी-१२ नसतं. दूध, दही, अंडी, मासे खा. शुद्ध शाकाहारींना अनेकदा गोळी किंवा इंजेक्शन लागतंच.

सिकलसेल इथे चकवतो. नंदुरबार, गडचिरोलीकडे तो बराच आढळतो. एमसीव्ही नॉर्मल किंवा कमीही असू शकतो, म्हणून निदान इलेक्ट्रोफोरेसिसने करतात. फेरिटिन न पाहता लोह देऊ नये. भरपूर पाणी, थंडीपासून बचाव, डॉक्टरांनी दिलेलं फॉलिक ॲसिड. वॉर्डात सिकलसेलचा रुग्ण 'दुखतंय' म्हणाला तर नर्सने ते खरं मानून लगेच वेदनाशामक द्यावं. ताप आला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना.