बिल्ला ज्याच्या हाती

देवळाबाहेर चपला ठेवल्या की स्टँडवाला एक बिल्ला देतो. परत आल्यावर तो आपला चेहरा पाहत नाही. बिल्ला घेतो आणि त्या क्रमांकाच्या कप्प्यातल्या चपला समोर ठेवतो. वेबसाइट आपल्याला ओळखते ती अशीच.

वेब ज्यावर चालते तो एचटीटीपी हा प्रोटोकॉल मुळातच विसराळू आहे. ब्राउझरने पान मागितले, सर्व्हरने दिले, व्यवहार संपला. पुढची मागणी त्याच माणसाची की दुसऱ्याची, हे त्याला कळत नाही. लेख वाचायला एवढे पुरत होते, खरेदीला पुरेना. १९९४ मध्ये एमसीआय या अमेरिकी दूरसंचार कंपनीला अर्धवट खरेदीचा हिशेब आपल्या सर्व्हरवर ठेवायचा नव्हता. नेटस्केपचे अभियंते लू माँटुली यांनी तो ग्राहकाच्याच ब्राउझरकडे सोपवला. युनिक्सवाले अशा चिठ्ठीला ‘मॅजिक कुकी’ म्हणत. त्यावरून ‘कुकी’ हे नाव आले.

पुढे अनेक साइटनी हे उलटे केले. हिशेब सर्व्हरवर, ब्राउझरकडे फक्त क्रमांक. तुम्ही पासवर्ड देता, सर्व्हर तो तपासतो, तुमच्या नावाचा कप्पा उघडतो (हेच सेशन) आणि उत्तरासोबत ही ओळ धाडतो :

```
Set-Cookie: sid=9f3c71ab; Secure; HttpOnly
```

यानंतर त्या साइटकडे जाणाऱ्या प्रत्येक मागणीला ब्राउझर आपणहून हे जोडतो :

```
Cookie: sid=9f3c71ab
```

इथे क्रमांक छोटा दाखवला आहे. खरा क्रमांक लांबलचक आणि यादृच्छिक असावा लागतो, कारण ४१ नंतर ४२ असे बिल्ले वाटले तर शेजारचा कप्पा कोणीही उघडेल.

पण क्रमांक कितीही अवघड असला, तरी बिल्ला चोरीला गेला तर? ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी ‘फायरशीप’ हे फायरफॉक्सचे एक्स्टेन्शन जाहीर करून हे उघड्यावर मांडले. तेव्हा कितीतरी साइट लॉगिनचे पान तेवढे एन्क्रिप्ट करत आणि नंतर साध्या एचटीटीपीवर उतरत. पासवर्ड सुरक्षित, कुकी मात्र उघडी. कॅफेच्या खुल्या वाय-फायवर बसून फायरशीप सुरू केले की शेजाऱ्यांची खाती नाव-फोटोसह बाजूच्या पट्टीत दिसत. एकावर क्लिक केले की त्याच्या खात्यात प्रवेश. पासवर्ड फोडावाच लागत नसे.

वरच्या `Set-Cookie` च्या ओळीतले शेवटचे दोन शब्द याच काळजीपोटी आहेत. `Secure` असल्यास कुकी फक्त एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवरून जाते. `HttpOnly` असल्यास पानात घुसवलेल्या जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही. मात्र संगणकातच शिरलेल्या व्हायरसपुढे दोन्ही हतबल आहेत.

म्हणून सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या संगणकावर काम आटोपले की नुसती खिडकी बंद करून उठू नका. लॉग आउट दाबा. नीट बांधलेली साइट त्या क्षणी सर्व्हरवरचा कप्पाच रिकामा करते. मग तो क्रमांक कोणाच्याही हाती लागला तरी काही उघडत नाही.