हरवलेल्या रोजमेळाचा शोध

सहावीतील मुलगा धडा घडाघडा वाचून दाखवितो. एकही शब्द अडत नाही. मग आपण विचारतो, "धड्यातला व्यापारी गाव सोडून का गेला?" मुलगा पान चाळतो आणि निरुत्तर होतो. कारण 'का'चे उत्तर कोणत्याही एका ओळीत लिहिलेले नसते. ते दोन-तीन ठिकाणच्या गोष्टी जोडून वाचकाला स्वतः काढावे लागते.

अमेरिकेतील वाचनशिक्षणाच्या अभ्यासक टॅफी राफाएल यांनी १९८०च्या दशकात प्रश्नांची विभागणी उत्तर कोठे सापडते यावरून केली. काही उत्तरे मजकुरात एकाच जागी असतात, काही अनेक जागी विखुरलेली असतात आणि काही मजकूर व वाचकाचे पूर्वज्ञान एकत्र आल्यावरच मिळतात. पाचवी ते आठवीच्या वयात मुले अडतात ती बहुधा शेवटच्या दोन प्रकारांपाशी. तेथेच गुप्तहेराचा खेळ उपयोगी पडतो, कारण गुप्तहेराला विखुरलेले जोडल्यावाचून गत्यंतरच नसते.

असा एक खेळ आपल्या पेढीच्या वातावरणातच रचून पाहू. कापडाच्या दुकानातील रोजमेळाची वही शनिवारी रात्री नाहीशी झाली आहे. चार मुलांच्या गटाला पाच चिठ्ठ्या द्यावयाच्या.

पहिली चिठ्ठी मुनीमजींची: "सायंकाळी सात वाजता रोजमेळ लिहून पुरा केला. शाईच्या पेनाने लिहिले असल्याने पान सुकावे म्हणून वही उघडीच फळीवर, मांजरपाटाच्या ताग्यांशेजारी ठेवली आणि घरी गेलो."

दुसरी पहारेकऱ्याच्या नोंदवहीतील: "७.१५ – महेश बाहेर गेला, घाईत होता, हातात पिशवी. ७.२५ – जोराचा पाऊस सुरू. ७.३० – वीज गेली."

तिसरी किसनची: "फळीवर पाणी गळू लागले. अंधारातच चाचपडत सारे तागे कवेत घेऊन खालच्या कपाटात रचले. वही माझ्या दृष्टीस पडली नाही."

चौथी माल पाठविल्याची नोंद: "७.४५ – कपाटातील वरचे तीन तागे होते तसेच बांधून गिऱ्हाइकाकडे रवाना. कपाटास कुलूप."

पाचवे गिऱ्हाइकाचे पत्र: "तीन तागे पोचले. परंतु सर्वांत खालच्या ताग्याच्या खालच्या अंगास निळे डाग आहेत. त्यात आकडे दिसतात, पण आरशात पाहावे तसे उलटे."

चिठ्ठ्या हाती पडताच मुले बहुधा एकच नाव उच्चारतील: महेश! घाई, पिशवी आणि लवकर निघणे, संशयाला एवढे पुरेसे होते. येथे मोठ्यांनी 'चूक' असे म्हणू नये. एकच प्रश्न विचारावा, "हे कोणत्या चिठ्ठीत लिहिले आहे?" पिशवी लिहिलेली आहे, पिशवीत वही होती असे मात्र कोठेही लिहिलेले नाही. लिहिलेले आणि मानलेले यांतला हा भेद मुलाला येथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

आता वहीच्या पानावर तीन रकाने आखून द्यावेत: 'चिठ्ठीत काय आहे', 'मला काय ठाऊक आहे' आणि 'म्हणून काय ठरते'. पहिल्या रकान्यात चिठ्ठीचा क्रमांक लिहिलाच पाहिजे, हा खेळाचा एकमेव कडक नियम.

एक ओळ भरून पाहू. पाचव्या पत्रात उलटे आकडे आहेत. लिहिलेले ओले पान दुसऱ्या वस्तूवर दाबले गेले की अक्षरे उलटी उमटतात, हे मुलाला ठाऊक असते. म्हणून ताग्याला वहीचे ओले पान चिकटले होते, हे ठरते. पुढची ओळ वेळेची. मुनीमजींनी वही उघडी ठेवली तेव्हा पानावर काहीच नव्हते. तागे हलविले गेले ते वीज गेल्यावर, म्हणजे साडेसातनंतर. तोवर सातची शाई सुकलेली असणार, पण फळीवर पाणी गळत होते आणि शाई पाण्याने पुन्हा ओली होते. म्हणजे साडेसातनंतर वही ताग्यांतच होती. महेश तर सव्वासातलाच गेला होता. तो निर्दोष ठरतो.

मग वही कोठे? डाग तिसऱ्या ताग्याच्या खालच्या अंगास आहे आणि तीन तागे वरून जसेच्या तसे उचलले होते. म्हणजे वही कपाटात, उरलेल्या ताग्यांच्या माथ्यावर पडून आहे. किसनही खोटे बोलला नव्हता. अंधारात वही त्याला दिसली नाही, एवढेच.

हा खेळ रचताना तीन गोष्टी बहुधा बिघडतात. पहिली, सारे रहस्य एकाच चिठ्ठीत उघड होते. मग मुले तेवढीच वाचतात. एकेक चिठ्ठी बाजूला ठेवून पाहावे. तिच्यावाचूनही उत्तर मिळत असेल, तर तिच्यात काहीतरी हलवावे. दुसरी, गटातील एखादा चुणचुणीत मुलगा सर्वांच्या वतीने उलगडा करून मोकळा होतो. म्हणून पहिली दहा मिनिटे प्रत्येकाने सर्व चिठ्ठ्या मुकाट्याने वाचून किमान दोन ओळी रकान्यांत भराव्यात, चर्चा त्यानंतर. तिसरी, पूर्वज्ञानच नसते. ज्याने शाईचे पेन कधी हाताळले नाही, त्याला ओल्या शाईचा दुवा सुचणार नाही. खेळाआधी कागदावर शाईने आकडे लिहून, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून, पांढरी चिंधी दाबून दाखवावी.

आकलन खरोखर झाले की उत्तर नुसते कानावर पडले, हे ताडण्याचा एक सोपा उपाय आहे. शेवटी एकच तपशील बदलावा: "महेश ७.१५ऐवजी ७.५०ला गेला असता तर?" ज्याने उत्तर ऐकले आहे तो म्हणेल, महेश निर्दोषच. ज्याने पुरावा वाचला आहे तो थबकेल. कारण आता महेश अंधारात तेथेच होता. पेढीवर त्याच्यावर चोरीचा आळ सिद्ध होत नाही, पण वेळेच्या आधाराने तो सुटतही नाही. हे उत्तर प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे पाच-सहा वाक्यांत लिहून घ्यावे.

या खेळाची मर्यादाही जाणून घ्यावी. ज्याचे लक्ष अजून एकेक अक्षर जुळविण्यातच खर्च होते, त्याला चिठ्ठ्या वाचून दाखवाव्यात आणि त्याच्या वाचनाच्या सरावाची वेगळी सोय करावी. हा खेळ ते काम करीत नाही. शिवाय तीन रकान्यांची सवय चिठ्ठ्यांपुरतीच राहू नये. आठवडाभराने तेच रकाने इतिहासाच्या धड्यावर वापरून पाहावेत. तेथे रहस्य नसते, पण 'का' असतोच.

सोमवारी कपाट उघडते, वही सापडते आणि महेश नेहमीप्रमाणे कामावर येतो. ज्या मुलांनी पहिल्या दोन मिनिटांत त्याला चोर ठरविले होते, त्यांना शेवटी एक वाक्य लिहावयास सांगावे: महेशला आपण काय म्हणाल, आणि कोणत्या चिठ्ठीच्या आधारे?