शाळेतल्या मुलांचं सर्वेक्षण आणि नीतिसमितीचा अर्ज

मी म्हैसूरला शिकवते. विद्यार्थ्यांचे अर्ज नीतिसमितीकडे जाण्याआधी मी वाचते. आज त्यातला एक नमुना घेऊ. समजा, एम.ए.ची विद्यार्थिनी आठवी-नववीच्या मुलांना झोप, मोबाईल आणि घरातली भांडणं यांविषयी लेखी प्रश्न विचारणार आहे.

अर्जाला बहुतेक जण मुख्याध्यापकांचं पत्र जोडतात आणि संमती झाली असं समजतात. त्या पत्रानं फक्त शाळेचं दार उघडतं. पालकांची लेखी संमती वेगळी, आणि मुलाचा स्वतःचा होकार आणखी वेगळा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे बारा वर्षांपुढच्या मुलाचा होकार लेखी घ्यायचा. पत्रक कन्नडमध्ये हवं, काही घरांसाठी उर्दूत. वाचता न येणाऱ्या पालकांना ते तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा. ‘चिठ्ठी परत आली नाही म्हणजे हरकत नाही’ हे अशा प्रश्नांना चालत नाही.

वर्गात शिक्षक उभे असले की मूल नाही म्हणत नाही. म्हणून अर्जात लिहा: शिक्षक बाहेर थांबतील, प्रत्येकाला सारखंच पाकीट मिळेल, ज्याला भाग घ्यायचा नाही तो आतलं शब्दकोडं सोडवून तेच पाकीट परत देईल. मग कोणी नकार दिला हे शेजारच्या बाकालाही कळत नाही.

खरी अडचण पुढे आहे. विद्यार्थिनी लिहिते, ‘सर्व उत्तरं पूर्णपणे गुप्त राहतील.’ हे वचन तिला देताच येत नाही. पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी धास्ती वाटली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मग मुलांना काय सांगायचं? ‘तुझी उत्तरं आई-बाबांना किंवा शिक्षकांना दाखवणार नाही. पण तू धोक्यात आहेस असं दिसलं तर मदतीसाठी मला सांगावं लागेल, आणि ते आधी तुला सांगेन.’ हे ऐकून काही मुलं कमी लिहितील. लिहू देत, फसवून मिळवलेलं उत्तर मला तरी नको.

यातून दुसरा पेच निघतो. प्रश्नावली निनावी ठेवली आणि एखाद्या कागदावर ‘मला घरी जायची भीती वाटते’ असं आलं, तर ते मूल शोधणार कसं? म्हणून अशा विषयाला कागदावर नावाऐवजी क्रमांक ठेवावा. नाव-क्रमांकाची यादी मार्गदर्शकाकडे कुलपात, आणि ती कोणत्या तारखेला नष्ट होणार हे अर्जात. कागद त्याच संध्याकाळी वाचायचे, महिन्याभरानं नव्हे. धोका दिसला तर कोणाला फोन करायचा, समुपदेशक कोण, हेही आधीच ठरलेलं हवं. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक तर प्रत्येक मुलाच्या हातात द्यावा, आणि तो सगळ्यांना द्यावा, नाहीतर ज्याला दिला त्याच्याकडे सगळा वर्ग बघतो.