लंडनची किटली, दारव्ह्याचा बोर्ड

घरातली वीज : भाग ९

गेल्या आठवड्यातला भाग वाचून दारव्ह्याच्या एका ताईंनी तीन फोटो पाठवले. मुलगा इंग्लंडात नोकरीला आहे, सुट्टीला येताना त्याने आईसाठी विजेची किटली आणली. स्टीलची, देखणी, पण प्लग तीन चपट्या चौकोनी पायांचा. आपल्या कुठल्याही पॉइंटमध्ये तो शिरेना. ताईंचा प्रश्न सरळ होता : "वायरमन म्हणतो, हा प्लग कापून आपला थ्री पिन टॉप लावून देतो. लावू देऊ का?"

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या तीन फोटोंतच होते. पण फोटो वाचायचा एक क्रम असतो. बहुतेक जण आधी तारांचे रंग बघतात, मी सांगेन की रंग शेवटी बघा.

पहिला फोटो किटलीच्या बुडाचा. त्यावर लिहिले होते : 220-240V~ 50/60Hz 2520-3000W. आधी व्होल्टचा आकडा बघायचा. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात आणि ते या दोन आकड्यांच्या मध्ये बसतात, म्हणजे किटली इथे चालेल. तिथे नुसते 120V असते तर पुढचे काही वाचायची गरजच नव्हती. १२० व्होल्टची किटली २३० वर लावली की ती ठरलेल्यापेक्षा साडेतीन पटींहून जास्त वीज ओढते आणि जळते.

आता वॅट. लेबलवर दोन आकडे आहेत, २५२० आणि ३०००. पहिला २२० व्होल्टला, दुसरा २४० ला. किटलीतले कॉइल तेच राहते, व्होल्ट वाढले की ते वीज जास्त ओढते. आपल्या २३० व्होल्टला हिशेब साधारण २७५० वॅटचा येतो. त्याला २३० ने भागले की जवळजवळ १२ अँपिअर. हा १२ चा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढचे सगळे त्याच्याशी ताडून बघायचे आहे.

आपल्या स्वयंपाकघरातल्या बोर्डावर दोन आकारांचे पॉइंट असतात. बारीक पिनांचा ६ अँपिअरचा आणि जाड पिनांचा १६ अँपिअरचा, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो. किटली १२ मागते, म्हणजे ती पॉवर पॉइंटवरच चालवायची. ताईंनी बाजारातून एक अ‍ॅडाप्टर आणून ठेवला होता. पुढून त्यात विलायती प्लग छान बसत होता, पण मागच्या पिना बारीक होत्या, सहाच्या. अशा अ‍ॅडाप्टरवर किटली चालते, आणि इथेच फसगत होते. दीड लिटर पाणी उकळायला तिला तीनेक मिनिटे लागतात, तेवढ्यात काही कळत नाही. पाहुणे आले, लागोपाठ चार वेळा पाणी ठेवले की पिना तापू लागतात. पॉइंटच्या भोकांभोवती तपकिरी कडा उमटते, प्लास्टिकचा उग्र वास येतो. ताईंना म्हटले, अ‍ॅडाप्टर परत करा.

दुसरा फोटो प्लगचा, पायांच्या बाजूने काढलेला. काळ्या प्लास्टिकवर काळीच उठावाची अक्षरे, त्यामुळे काही वाचता येत नव्हते. अशा वेळी फोटो मोठा करून उपयोग होत नाही. शाळेत आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसेच करायचे. किंवा खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरायचा, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतात. ताईंनी टॉर्च धरून पुन्हा फोटो काढला आणि अक्षरे उमटली : BS 1363/A, FUSED 13A, आणि पायांजवळ E, N, L.

पहिले इंग्लंडच्या प्लगच्या मानकाचे नाव. ते १९४७ चे आहे, आणि त्या काळामुळेच या प्लगच्या पोटात फ्यूज आला. युद्धानंतर तिकडे तांब्याची चणचण होती. तार वाचावी म्हणून खोल्याखोल्यांतले पॉइंट एकाच गोल फिरणाऱ्या सर्किटवर घेण्याची पद्धत त्यांनी स्वीकारली. अशा सर्किटला मागे ३० अँपिअरचा फ्यूज असायचा, आता ३२ चा एमसीबी असतो. पण टेबललॅम्पची सुतळीएवढी तार ३२ अँपिअरच्या भरवशावर कशी सोडायची? म्हणून प्रत्येक प्लगमध्ये त्या तारेपुरता वेगळा फ्यूज. आपण त्याआधीचे गोल पिनांचे प्लग धरून राहिलो. त्यांत फ्यूज नसतो, आपली सगळी भिस्त बोर्डावरच्या एमसीबीवर.

म्हणजे प्लगमधला फ्यूज किटलीला वाचवण्यासाठी नसतो, किटलीच्या तारेला वाचवण्यासाठी असतो. हे एकदा लक्षात आले की त्यावरचा आकडा वाचता येतो. ७०० वॅटपर्यंतच्या वस्तूला ३ अँपिअरचा फ्यूज, त्यावर १३ चा. फ्यूज पांढऱ्या चिनीमातीचा, इंचभर लांब असतो. ३ च्या फ्यूजवरचा छाप लाल आणि १३ च्या फ्यूजवरचा तपकिरी. प्लगवर काय लिहिले आहे त्यापेक्षा आत काय बसवले आहे ते महत्त्वाचे, कारण आधी कोणी बदललेला असू शकतो. शिवाय १३ चा फ्यूज १४ अँपिअरला उडत नाही. विसाच्या आसपासही तो बराच काळ तग धरतो. १३ म्हणजे तो कायम वाहू शकेल असा प्रवाह.

तिसरा फोटो तारेचा. वरच्या आवरणावर छापले होते : H05VV-F 3G1.0mm². पहिली अक्षरे युरोपातल्या मानकाची : पीव्हीसी वेष्टणाची लवचीक तार. आपल्या कामाचे शेवटचे. ३ म्हणजे आत तीन तारा, G म्हणजे त्यांतली एक अर्थिंगची. G च्या जागी X असता तर अर्थिंगची हिरवी-पिवळी तार आत नाही असे समजायचे. १.० म्हणजे प्रत्येक तारेतल्या तांब्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ, एक चौरस मिलिमीटर. १२ अँपिअरला हे बेताचेच, पण दोन मीटरपर्यंतच्या आखूड तारेला चालते. ही तार हातभर होती. म्हणून तिला पुढे एक्स्टेन्शन बोर्ड जोडायचा नाही, किटली पॉइंटजवळच ठेवायची.

आता वायरमनच्या प्रस्तावाकडे येऊ. प्लग कापला की त्याच्याबरोबर १३ चा फ्यूजही जातो. मग या तारेला राखणार कोण? मी ताईंना चौथा फोटो मागितला, पॉवर पॉइंटच्या एमसीबीचा. त्यावर होते C32. एक चौरस मिलिमीटरच्या तारेमागे ३२ अँपिअरचा राखणदार! दोन तारा एकमेकींना थेट भिडल्या तर तोही पडेल. पण किटलीत अर्धवट बिघाड होऊन वीस-पंचवीस अँपिअर वाहू लागले, तर एमसीबी गप्प राहील आणि तार तापत राहील. मी कळवले की त्या पॉइंटला आधी C16 लावा, मगच प्लग कापा. युरोपात इतरत्र बिनफ्यूजचे प्लग आणि १६ अँपिअरचे सर्किट यांवर अशाच तारा चालतात, तेव्हा १६ ला मला हरकत नव्हती. वायरमनने ते ऐकले आणि एमसीबी बदलला.

दोन दिवसांनी प्लग कापून टोके सोललेला फोटो आला. रात्रीचा, पिवळ्या बल्बखाली. त्यात एक तार लाल दिसत होती, एक काळी, एक पांढरट हिरवी. वायरमन खूश : आपलाच जुना रंग, लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. मला तो फोटो पटला नाही. पिवळा उजेड तपकिरीला लालसर करतो, निळ्याला काळे करतो आणि हिरव्यावरचा पिवळा पट्टा गिळतो. सकाळी खिडकीशी, पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेल्या फोटोत खरे रंग दिसले : तपकिरी, निळी, हिरवी-पिवळी. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग.

वायरमनचा निष्कर्ष या वेळी योगायोगाने बरोबर निघाला. पण "काळी म्हणजे न्यूट्रल" ही सवय एखाद्या दिवशी जिवावर बेतेल. अमेरिकेतून आलेल्या वस्तूत काळी तार फेजची असते, पांढरी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग. तीच काळी, नेमकी उलट.

आणखी एक धोका फोटोचाच आहे. ताईंचा प्लगचा फोटो पायांच्या बाजूने होता. अर्थिंगचा पाय वर धरला तर त्यात L डावीकडे दिसतो. वायरमन मात्र थ्री पिन टॉप उघडून मागच्या बाजूने तारा कसतो, पिना त्याच्यापासून पलीकडे असतात. तिथे L उजवीकडे येतो. फोटो बघून "डावीकडे तपकिरी" असे लक्षात ठेवले की फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालीच. तरीही पाणी उकळते, कोणाला शंका येत नाही. पण मग किटलीचे बटण न्यूट्रल तोडते, फेज नव्हे. बटण बंद असतानाही आतल्या कॉइलपर्यंत फेज पोचलेला असतो. म्हणून डावे-उजवे विसरायचे आणि टॉपच्या आतली L, N, E ही अक्षरे वाचून तारा लावायच्या. अर्थिंगची तार बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवायची, म्हणजे कोणी ओढली तर ती सगळ्यांत शेवटी निघेल.

किटली स्टीलची, तेव्हा अर्थिंगबद्दल मी जरा हट्टच धरला. आपल्या यवतमाळच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना हीच माती अर्थिंगला उत्तम, पण मे महिन्यात ती खड्ड्यातल्या पाइपापासून आक्रसून दूर होते आणि बोर्डातली हिरवी तार नावापुरती उरते. ताईंच्या अंगणातला खड्डा दोन वर्षांत कोणी ओला केला नव्हता. त्यात पाणी सोडल्यावर वायरमनने फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प धरून बघितला. आधी मिणमिणता लागणारा बल्ब आता नीट लागला. उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी तिथे ओतायचे ठरले.

किटली सुरू झाल्याचा फोटो आला, त्यात ओट्याच्या कोपऱ्यात कापलेला प्लग पडलेला दिसला, वीतभर तार लोंबत असलेला. मी लगेच फोन केला. घरात चार वर्षांची नात आहे, आणि दुकानदाराने परत न घेतलेला तो अ‍ॅडाप्टरही अजून घरातच होता. त्यात हा प्लग गेला तर तपकिरी तारेचे उघडे टोक थेट जिवंत होईल. ताईंनी फोन चालू असतानाच फ्यूज काढून घेतला, आणि वायरमनने पकडीने प्लगचे पाय वाकवून टाकले.